उलटी बेरीज

दुकानातला कॉम्प्युटर बंद पडून पंधरा दिवस झाले होते. बिलं पुस्तकात हातानेच चालली होती. संध्याकाळी पाचनंतरची बिलं दुकानातले जुने कारकून, काकाच, लिहायचे. "जा गं, पोर वाट बघत असेल," असं म्हणून मला पाळणाघराकडे पिटाळायचे. सकाळी आले की त्या बिलांवर मी माझी सही ठोकायची. खुर्च्याटेबलांच्या या दुकानात काकांची तीस वर्षं गेलेली. मी त्यांचं काय तपासणार?

त्या दिवशी एका कार्यालयाचा खरेदी-कारकून बिल फडकावत आला.

"पाच खुर्च्या, जीएसटी धरून एकोणसाठ हजार, असं ठरलं होतं ना? मग हे काय? मूळ किंमत अठ्ठेचाळीस हजार तीनशे ऐंशी, कर दहा हजार सहाशे वीस. अठ्ठेचाळीस हजारांवर एवढा कर कुठल्या देशात लागतो?"

मालक माझ्याकडे वळले. "सही तुमची आहे, मॅडम."

बेरीज तर जुळत होती, एकोणसाठ हजार. मी कॅल्क्युलेटर ओढला. मूळ किमतीवर अठरा टक्के आठ हजार सातशे आठ रुपये चाळीस पैसे येत होते, दहा हजार नव्हे.

"कर आधीच आत आहे," मी म्हणाले. "म्हणजे एकोणसाठ हजार हे शंभर नाहीत, एकशे अठरा आहेत. एकशे अठराने भागायचं, शंभराने गुणायचं. मूळ पन्नास हजार, कर नऊ हजार. पन्नासचे अठरा टक्के नऊच. आता उलटं केलं तरी जुळतं."

"वा! एवढं येतं, मग हे शेण कुणी खाल्लं?" मालकांनी विचारलं.

पाळणाघराचे पैसे, घरभाडं, लेकीचं औषध, सगळं डोळ्यांपुढून गेलं. न तपासता सही केली, हे मी बोललेच नाही.

"मी," काका उठले. "आधी किमती कर सोडून असायच्या, वर अठरा टक्के चढवायचो. आता किमतीच्या चिठ्ठीवर कर धरून भाव, तर तेच बटण वजा करून दाबलं."

"अशी किती बिलं?" मालकांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"सरकारला जास्तीचा कर तुमच्या खिशातून भरू का?" मालक म्हणाले. "हिशेब करून टाका काका. उद्यापासून नका येऊ."

काकांनी चष्म्याची डबी उचलली. जाताना म्हणाले, "सही करण्याआधी उलटं करून बघत जा, पोरी." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची एक्केचाळीस बिलं माझ्या टेबलावर आली. सहाला सोळा उरली होती. पाळणाघरातून तिसरा फोन आला: "ताई, सगळी मुलं गेली. तुमचीच आहे."

"आलेच," म्हणाले, आणि पुढचं बिल ओढलं. भागिले एकशे अठरा, गुणिले शंभर. "जा गं" म्हणणारं आता कुणी नव्हतं.