पिंपळपानाचं घड्याळ आणि तायडे नाव

आचलचा मेसेज आला तेव्हा प्रियदर्शनी पिंपळाची पानं धूत होती. धुण्याच्या सोड्यात उकळलेलं पान मऊ ब्रशनं हलकेच घासलं की हिरवा गर निघून जातो आणि शिरांची जाळी उरते. ती जाळी वाळवून, पारदर्शक रेझिनमध्ये बसवून प्रियदर्शनी भिंतीवरची घड्याळं करायची. ब्रश जरा जोरात फिरला की शीर तुटते. हात पुसून तिनं फोन पाहिला.

"ताई, योगेश नावाचा एक मानूस घड्याळं मांगून रायला. तुमच्याकडं आला तं माल देऊ नका. फसवते थो."

आचल तिच्या भावाची, संघपालची बायको. अकोल्यात राहायची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती अमरावतीला आली होती, तेव्हा प्रियदर्शनीनंच तिला हे काम शिकवलं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलेली बाई शिकवते तसं नीट शिकवलं होतं: रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण, खोलीचं तापमान, बुडबुडे का येतात. आचलनं प्रमाण लक्षात ठेवलं आणि बाकीचं सोडून दिलं. मग इन्स्टाग्रामवर पेज काढलं, रील टाकले, पानावर रेझिन ओतताना हसून बोलली, आणि बघता बघता तिला फॉलो करणारी इतकी माणसं झाली की प्रियदर्शनीनं तो आकडा बघणंच सोडलं. म्हणजे सोडलं असं ती म्हणायची. रोज सकाळी बघायची.

त्यात आई, इंदूबाई, राहायची अकोल्यात, सुनेजवळ. फोनवर आईचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आचलले आज नागपूरवरून ऑर्डर आली बरं!" घड्याळाची कल्पना लेकीची होती, हे आईला आठवत नसे असं नाही. पण ती ते म्हणत नसे.

त्यामुळे आचलचा मेसेज वाचून प्रियदर्शनीच्या मनात आधी एकच आलं. ऑर्डर हिला झेपत नाही, आणि माझ्याकडे येऊ द्यायची नाही.

योगेश दुसऱ्याच दिवशी आला. तिच्या 'पिंपळपान आर्ट' या पेजवर, थेट मेसेजमध्ये.

"मॅडम, कंपनीत ट्रेनिंगला पाहुणे आले आहेत. त्यांना भेट द्यायला आठ घड्याळं पाहिजेत. आजच."

आठ घड्याळं तयार होती, पण ती भातकुलीच्या जमुना मॅडमची. त्या शाळेतून निवृत्त होत होत्या आणि रविवारी सोबतच्या आठ शिक्षिकांना प्रत्येकी एक देणार होत्या. प्रियदर्शनीनं तसं लिहिलं.

"मॅडम, जास्त देतो," उत्तर आलं. "खरं सांगू का? अकोल्याच्या त्या आचल आर्टवाल्या मॅडमचं काम पाहिलं. तुमचं काम जास्त बारीक आहे. त्यांची कॉपी वाटते."

हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. दोन वर्षांत कोणीच म्हटलं नव्हतं ते एका अनोळखी माणसानं म्हटलं होतं. जमुना मॅडमची घड्याळं पुन्हा करायला शनिवारपर्यंतचा वेळ आहे, असा हिशेब तिच्या मनानं लगेच मांडला. खरं तर तो जुळत नव्हता. पानं वाळायला लागणारा वेळ तिलाच सर्वांत चांगला माहीत होता.

तिनं होकार, पत्ता आणि पैसे पाठवायचा मोबाइल नंबर कळवला. आणि आचलला लिहिलं, "तू नाही म्हटलेली ऑर्डर मी घेतली. सगळ्याच गिऱ्हाइकांना चोर समजू नये."

पाठवल्यावर बरं वाटलं. आचलकडून उत्तर आलं नाही, त्यामुळे आणखी बरं वाटलं.

दुपारी दारात मोटारसायकल थांबली. पार्सल नेणारा मध्यम वयाचा माणूस, डोक्यावर हेल्मेट तसंच.

"बाई, पार्सल द्या ना लवकर. मले अजून दोन ठिकानी जा लागते."

"कुठं न्यायचं आहे हे?"

त्यानं फोन पाहिला. "बडनेरा स्टेशनसमोर."

"कंपनीत नाही?"

"मले काय मालूम बाई. ॲपवर जे लिवलं थे मी वाचून रायलो."

त्याच वेळी योगेशचा स्क्रीनशॉट आला. हिरवी खूण, रक्कम, वेळ, बारा आकडी व्यवहार क्रमांक, आणि खाली लिहिलेलं: पिंपळपान आर्ट. पाठोपाठ मेसेज: "झालं मॅडम. माणूस आला असेल, देऊन टाका."

तिनं आपल्या बँकेचं ॲप उघडलं. खात्यात काही आलं नव्हतं. पुन्हा उघडलं. नाही.

"जमा झाले नाहीत," तिनं लिहिलं.

"सर्व्हर डाउन आहे मॅडम. दोन तासांत दिसतील. स्क्रीनशॉट आहे ना तुमच्याकडे? विश्वास ठेवा. त्या अकोल्याच्या मॅडमसारखं करू नका."

या शेवटच्या वाक्यानं तिचा हात खोक्याकडे गेला. आचलसारखं करायचं नव्हतंच तिला. खोकं उचलून ती दारापर्यंत आली आणि तिथं थांबली. काहीतरी राहिलं होतं. प्रयोगशाळेत नोंदी घेताना एखादी पायरी गळली की असं व्हायचं.

मग कळलं. त्यानं विचारलं नव्हतं.

तिचं बँकेतलं खातं कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. लग्नानंतर ती गवई झाली, पण खात्यावर आजही प्रियदर्शनी जानराव तायडे हेच नाव. बदलायचं म्हणता म्हणता राहिलं. प्रत्येक खरं गिऱ्हाईक पैसे पाठवण्याआधी विचारायचं, "ताई, इथं तायडे येऊन रायलं, बरोबर आहे का?" ती वैतागायची. पैसे पाठवताना समोर नाव येतं ते बँकेतलं. पेजचं येत नाही.

"कोणाच्या नावावर गेले?" तिनं विचारलं.

"तुमच्याच मॅडम. पिंपळपान आर्ट."

या नावाचं खातं कुठेच नव्हतं. ते त्यानं पेजवरून उचलून चित्रात टाइप केलं होतं.

तिनं खोकं खाली ठेवलं आणि लिहिलं, "पैसे खात्यात दिसले की माल निघेल."

आता योगेश घाईवर आला. एक एसएमएस आला: आपल्या खात्यात रक्कम जमा. रकमेला एक शून्य जास्त होतं, आणि मेसेज बँकेच्या नावानं येतो तसा नव्हता, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून होता. लगेच योगेश: "अरे मॅडम, चुकून एक शून्य जास्त गेलं! जास्तीचे परत करा, माझी नोकरी जाईल." मग एक क्यूआर कोड: "हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे तुमचे अडकलेले पैसेही मोकळे होतील."

प्रियदर्शनी जवळजवळ हसली. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. खातं तिसऱ्यांदा पाहिलं. सकाळी होतं तेवढंच होतं. तिनं लिहिलं, "माझ्या खात्यात काही आलं नाही, त्यामुळे परत करण्यासारखंही काही नाही."

योगेशनं एक शिवी लिहिली आणि तिला ब्लॉक केलं.

"दादा, पार्सल नाही," ती बाहेर येऊन म्हणाली.

"मंग मले कावून बलावलं?" तो चिडला. तिनं काय झालं ते सांगितलं, तसं त्यानं हेल्मेट काढलं. "हे असंच चालू हाय बाई आजकाल. मागच्या हप्त्यात एका घरून मीच मिक्सर घेऊन गेलतो. बिचारी बाई मंग फोन करून रडे." आणि तो निघून गेला.

सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवून तिनं सायबर तक्रारीचा १९३० नंबर लावला, योगेशच्या इन्स्टाग्राम खात्याची आणि क्यूआर कोडची माहिती दिली. मग उरला आचलचा फोन. तो लावण्यापेक्षा पुन्हा आठ पानं घासणं सोपं वाटलं. पण सकाळचा तो मेसेज तिकडे पडून होता.

"ताई?" आचलनं पहिल्याच घंटीला उचललं. "देलं नाही ना?"

"नाही."

पलीकडून मोठा श्वास. "माये सहा घड्याळं घेऊन गेला थो."

प्रियदर्शनीच्या छातीत काहीतरी हलकं, गोड असं पसरलं. ते काय आहे हे तिला माहीत होतं, आणि तिनं ते क्षणभर तसंच राहू दिलं.

"कधी?"

"सोमवारी. आईले सांगू नका बरं. मी स्क्रीनशॉट पाह्यला अन् देऊन देलं. भुलली ना मी! थो मले म्हने, अमरावतीच्या ताईपेक्षा तुमचं काम जास्त बारीक हाय." आचल हसली, पण नीट हसता आलं नाही. "तुमच्यापेक्षा भारी म्हनलं ना कोनी पयल्यांदा. नाही तं घरात आई रोज म्हनते, प्रियाचं पान पाय कसं साफ निघते, तुये तुकडे पडतात."

"आई म्हणते असं?"

"रोज."

प्रियदर्शनी खुर्चीत बसली. आई तिला हे कधी म्हणाली नव्हती. ते ऐकायला मिळतं आचलला.

"तुमी कसं वळखलं ताई?" आचलचा आवाज खाली आला. "लवकर सांगा, आत्ताच एक जन आहे. बाळापूरचे खुशालराव म्हनून. बारा घड्याळांचा ॲडव्हान्स टाकला म्हनते. स्क्रीनशॉट आला. मी आता भेवून बसली."

सांगितलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. बारा. प्रियदर्शनीला एकदम बारांची ऑर्डर कधी मिळाली नव्हती.

"त्यात नाव कोणाचं आहे?" शेवटी तिनं विचारलं.

"मायंच. आचल संघपाल तायडे. बँकेत आहे तसंच. म्हंजे खरं?"

"नाही," प्रियदर्शनी पटकन म्हणाली. अर्धवट उत्तर तिला सहन होत नसे, कोणाचंही असो. "नाव चुकलं तर खोटं. पण नाव बरोबर म्हणून खरं असं नाही. पैसे पाठवायला नंबर टाकला की नाव कळतं, मग तसं चित्र करता येतं. स्क्रीनशॉट पाहूच नको. एसएमएस पण नाही. त्यानं पाठवलेली लिंक दाबू नको. स्वतः बँकेचं ॲप उघड आणि खातं बघ. तिथं आहे तर आहे."

पलीकडे आईचं भांडं वाजलं.

"आहेत ताई! आले!" आचल ओरडली. "खरा मानूस निंगाला!"

"चांगलं झालं," प्रियदर्शनी म्हणाली. तिलाच आपला आवाज कोरडा वाटला.

"पन ताई, माह्याजवळ पानंच नाहीत. सहा तर थो घेऊन गेला. बारा करून द्याल का तुमी? पैसे आपन अर्धे अर्धे करू."

"भातकुलीचं पोहोचवल्यावर करीन. पण तुझ्या पेजच्या नावानं नाही."

"मंग तुमच्या नावाचा स्टिकर मागून लावतो ना."

"मागून नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "समोर. सहाच्या आकड्याखाली. वाचता येईल एवढ्या अक्षरात."

"अन् मायं?"

प्रियदर्शनीनं थोडा विचार केला.

"तुझं मागे," ती म्हणाली.