भागवत किरण

नरडाण्याच्या मसाला कारखान्यातून सारिकाला मेल आला, तेव्हा ती सोनगीरच्या घरी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मुलाखत होती, येत असल्याचं उत्तराने कळवायचं होतं. मेलच्या शेवटी नाव होतं, ‘भागवत किरण डी.’ आणि खाली ‘मनुष्यबळ विभाग’. बस्स, एवढंच.

तिने फोन उलटा ठेवला.

त्या घरात किरण हे नाव कोणी घेत नव्हतं. तिचा थोरला भाऊ किरण दोन वर्षांपूर्वी महामार्गावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून आई भिकुबाई त्याला नुसतं ‘तो’ म्हणायची. ‘त्याचा टॉवेल’, ‘त्याची खुर्ची’. तेही आवाज खाली घेऊन, जणू तो आतल्या खोलीत झोपलाय.

उत्तर तर द्यायला हवं होतं. भागवत हे आडनाव की नाव? किरण बाप्या की बाई? साहेब आहे की नुकताच लागलेला कोणी? तिने ‘रिस्पेक्टेड भागवत सर’ लिहिलं आणि खोडलं. शेवटी जळगावच्या आतेभावाला, भूषणला फोन लावला. तो एका कंपनीत भरतीचंच काम बघायचा.

“सर लिहू नको, मॅडमही नको,” भूषण म्हणाला. “चुकलं तर पहिल्याच ओळीत चुकतं. ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहिलंस तर समोरच्याला वाटतं, हिने नावसुद्धा वाचलं नाही. सहीत जसं आहे तसं अख्खं नाव लिही. पुष्कळ कंपन्यांत आडनाव आधी छापून येतं, आपल्या मार्कशीटसारखं. फारच शंका असेल तर कंपनीत फोन करून विचार, त्यात लाज कसली.”

“अख्खं नाव लिहायचं?”

भूषणला कळलं. “हो गं. लिहावं लागेल.”

तिने लिहिलं. ‘डिअर भागवत किरण’. किरण टाइप होताच कीबोर्डने पुढचा शब्द सुचवला, ‘दादा’. वर्षानुवर्षं तिने हे दोन शब्द जोडूनच लिहिले होते. फोन विसरला नव्हता. डोळे भरून आले होते, अक्षरं नीट दिसेनात. घाईघाईत तिने खालच्या दोन ओळी लिहिल्या आणि मेल पाठवून दिला.

मग पाठवलेला मेल उघडून पाहिला. ‘डिअर भागवत किरण दादा’.

ती भिंतीला टेकून बसली. नोकरी गेली, असं तिला वाटलं. पण त्याहून जास्त भीती दुसरीच होती. दादाला आपण मेल पाठवलाय आणि आता उत्तर येणार, असं काहीतरी. दुसरा मेल पाठवून माफी मागावी म्हणून तिने फोन हातात घेतला, तेवढ्यात तोच वाजला. गडबडीत तिचं बोट स्पीकरवर पडलं.

“सारिका का? मी किरण बोलतेय.”

बाईचा आवाज होता, शांत, जरा घोगरा. पण आत स्वयंपाकघरात भांडं आपटलं. भिकुबाई दारात येऊन उभी राहिली.

“कोन शे?” तिने विचारलं.

फोनमधल्या बाई बोलत राहिल्या. “भागवत माझं आडनाव. आमच्याकडे मेलमध्ये ते आधी येतं, त्यामुळे रोज कोणी ना कोणी मला सर करतं. दादा मात्र आजच झाले. मुलाखतीला या, म्हणून फोन केला. घाबरू नका.”

“मॅडम, माझ्या भावाचं नाव किरण होतं,” सारिका म्हणाली. होतं हा शब्द ती आईसमोर पहिल्यांदाच बोलली.

“या तुम्ही,” किरण मॅडम हळूच म्हणाल्या.

मुलाखत झाली. हळदीचा नमुना तपासायला दिला, तो तिने बिनचूक तपासला आणि जागा तिला मिळाली. किरण मॅडम मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या कधीकधी तिच्याजवळ येऊन बसायच्या. ती त्यांना मॅडम म्हणायची, नाव घ्यायची नाही.

घरी आल्यावर आई पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि विचारायची, “किरण जेवना का?”

“आई, जेवला नाही, जेवल्या. बाई आहेत त्या.”

“माले माहीत शे,” भिकुबाई म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तसाच. किरण जेवना का, किरणनं काय आणं होतं डब्यात. आवाज आता खाली नसायचा. शेजारच्या पुष्पाबाईला ऐकू जायचा.

काही दिवसांनी सारिकाने दुरुस्त करणं सोडलं. पाणी पिऊन झालं की ती म्हणायची, “हो, जेवला.” मग आई आतल्या खोलीकडे एकदा बघून दिवा लावायला उठायची.