फेडीची ओळ

लेक झोपली की लिहायचं, जागी झाली की कागद डब्यात ठेवायचा, असं करत रुख्मिणीनं बँकेच्या अर्जासोबतचं पत्र पुरं केलं. चारठाण्यात ती हाताच्या मशीनवर झंपर शिवायची. नवरा सूर्यभान परभणीला दुसऱ्याच्या दुकानात शिवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, तेव्हा लेक त्याला पाहून रडायची. तो हसायचा, पण पुन्हा पुन्हा हात पुढं करायचा.

जिंतूरच्या बँकेत साहेबांनी पत्र वाचलं. ‘पायाची मशीन घेण्यासाठी कर्ज मिळावे. दुकानदाराचे कोटेशन जोडले आहे. माझे पती परभणीहून दरमहा पैसे पाठवतात, त्यातून हप्ते फेडीन.’

“नवी मशीन चालवणार कोण?”

“ते. मी झंपर शिवीन, ते सदरे-पायजमे. गावातच.”

“म्हणजे परभणी सोडणार?”

“हो.” तिच्या तोंडावर हसू आलंच.

“मग परभणीचे पैसे कुठून येतील, बाई?”

रुख्मिणीचं हसू मावळलं. ज्या पत्रानं नवऱ्याला घरी आणायचं, त्याच पत्रात तिनं त्याला परभणीत बसवून ठेवलं होतं. पैसा तिकडूनच येतो, याची इतकी सवय झाली होती.

शेजारी सासू सरजाबाई नातीला थोपटत होती. “घरी तर लय बोलती. सांग की आता साहेबाला.”

“गावातलं काम येतंय साहेब,” रुख्मिणी म्हणाली. “झंपर मी करते, पण सदरे-पायजमे लोक जिंतूरला टाकतात. ते आमच्याकडं येतील. फकत शिलाई सुगीला मिळती. कापूस विकल्याबिगर कुणी देत न्हाई.”

“मग तसंच लिहा. कामातून फेड होते हे बँकेला दिसलं पाहिजे. महिन्याच्या महिन्याला नको, हप्ते सुगीनंतर मागा. कर्ज फिटेपर्यंत मशीन बँकेकडं तारण राहील, वापर तुमचाच.”

बँकेच्याच ओसरीवर बसून तिनं नवा कागद मांडीवर घेतला. लेकीनं टाक ओढला, एक डाग पडला. डागाच्या बाजूनं तिनं लिहिलं, ‘मी व माझे पती दोघे मिळून चारठाण्यात शिवणकाम करू. गावाच्या शिलाईतून, सुगीनंतर, हप्ते फेडू.’ ‘दोघे मिळून’ लिहिताना हात जरा रेंगाळला. लग्नाला चार वर्षं झाली, पण हे दोन शब्द तिनं कधी कुठं लिहिले नव्हते.

साहेबांनी पत्र अर्जाला टाचलं. “मंजुरीचं आज सांगता येणार नाही. पुढच्या बुधवारी जागा पाहायला येईन. शिवणार ते, म्हणून तेही घरी हवेत.”

बाहेर आल्यावर सरजाबाई म्हणाली, “देतील का गं?”

“काय माहीत, आत्याबाई.” रुख्मिणी एस.टी. स्टँड सोडून पोस्टाकडं वळली होती. “पण बुधवारी ते घरी पाहिजेत, म्हणलेत साहेब.”

तिनं एक कार्ड घेतलं. पत्ता आधी लिहिला. मग लिहिलं, ‘बँकेचे साहेब बुधवारी येणार हायत. तुमी मंगळवारीच या.’