रविवारी दोन ते चार

परळच्या रक्तपेढीच्या शांता मॅडमनी आकांक्षाचा मेल परत पाठवला होता. काउंटरवरच्या रघुवीरलाही कळेल असं साध्या भाषेत लिहा, म्हणाल्या. मागणी साधीच, पण तिच्या जिवावर आली. अवघड शब्दांत कायकाय लपतं ते साधं लिहायला बसल्याशिवाय कळत नाही.

सॉफ्टवेअर कंपनीच्या करी रोडच्या ऑफिसात बसून तिने लिहिलं: रविवारी दुपारी दोन ते चार सिस्टिम बंद राहील. आधी तुमच्या सगळ्या नोंदींची प्रत काढू, मग नवीन आवृत्ती चढवू. तोवर रक्ताच्या पिशव्यांची नोंद वहीत करा, नंतर आम्ही ती चढवून देऊ. साडेतीनपर्यंत नवीन नीट चाललं नाही, तर ती प्रत वापरून जुन्यावर परत येऊ.

परत यायला किती वेळ? इथे तिचा हात थांबला. गेल्या आठवड्यात तालीम केली तेव्हा तीन तास लागले होते. म्हणजे बिघडलंच तर साडेसहा. तिचे वरिष्ठ हितेंद्र सर यांनी मात्र रक्तपेढीला छातीठोकपणे चार वाजताचा शब्द दिला होता.

ती त्यांच्या टेबलाशी गेली. त्यांनी मान वर न करताच ऐकून घेतलं.

"साडेसहा लिहिलंस तर ते रविवार रद्द करतील. ठरलेल्या वेळेत मागे येऊ, एवढंच लिही. आणि मेल तुझ्या नावाने जाऊ दे, मला सीसीत ठेव."

तिला कायम करायचं की नाही, हे या महिन्याअखेर हेच सर ठरवणार होते. खरं लिहावं तर नोकरी जाणार, खोटं लिहावं तर खाली नाव तिचं. चांगलीच कात्रीत सापडली होती पोरगी. घाबरली, आणि सरांनी सांगितलं तसं लिहून मेल पाठवून दिला.

वीस मिनिटांत शांता मॅडमचं उत्तर आलं.

"आकांक्षा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळं कळलं. दोनच तासांचं काम आहे, तर रघुवीरला सुट्टी दिली. बिचाऱ्याला महिनाभर रविवार मिळाला नाही. वही मी एकटी सांभाळीन."

आकांक्षाने ते दोनदा वाचलं. दिवसभर एकटी बाई, समोर रक्तासाठी धावत आलेले नातेवाईक, फोन, आणि साडेसहापर्यंत हाताने लिहायची वही. रक्तगट लिहिताना एक चूक झाली तर? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. अवघड शब्दांत लिहिलं असतं तर बाईंनी निदान विश्वास तरी ठेवला नसता.

तिने त्याच मेलला उत्तर लिहिलं. "मॅडम, रघुवीरला सुट्टी देऊ नका. काही बिघडलं तर साडेसहा वाजतील. आम्ही करून पाहिलंय, तीन तास लागतात. आधीच्या मेलमध्ये मी हे लिहिलं नाही, चूक माझी."

सीसीत हितेंद्र सरांचं नाव तसंच होतं. ते काढून टाकता आलं असतं. तिने काढलं नाही आणि मेल पाठवला.

पलीकडच्या टेबलावर मेल आल्याचा आवाज झाला. सरांची खुर्ची तिच्याकडे वळली, आणि बाहेर पडायचा एकमेव दरवाजा त्यांच्या मागे होता.