पूजा कोण करतं?

लेकीच्या निबंधात चुका निघतील हे भावनाला ठाऊकच होतं. पण पेन्सिलीने विचारलेले ते प्रश्न तिच्या डोक्यातून जाईनात.

समता कॉलनीत गंधालीताई रविवारी आपल्या घरी मुलांना मराठी शिकवत. दहा वर्षांच्या पूर्णिमाला भावनानेच तिथे घातलं होतं. पोरीला मराठी समजायची, पण गाव हिंदी, शाळा हिंदी, म्हणून उत्तर हिंदीत द्यायची. विषय होता ‘माझा आवडता सण’. पूर्णिमाने दिवाळी लिहिली. म्हणजे अर्धीअधिक भावनानेच सांगितली होती.

चुका ताईंनी मायेने सुधारल्या होत्या. ‘मम्मी रांगोळी बनवते’ याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘हिंदीत रंगोली बनाते हैं. मराठीत आपण चित्र काढतो ना, तशीच रांगोळी काढतो.’ ‘मी दिवाळी आवडते’च्या खाली: ‘असं लिहिलं तर दिवाळीला तू आवडतेस की काय, असं वाटेल! मला दिवाळी आवडते.’ आणि ‘घरी लक्ष्मीची पूजा होते’ या वाक्यापुढे: ‘पूजा कोण करतं? समोर काय ठेवता? तू कुठे बसतेस?’

“कोण करतं म्हणे!” भावना पुटपुटली. “हिला काहून पाहिजे?”

कॉलेजात तिच्या एका मैत्रिणीने असंच गोड बोलून विचारलं होतं, तुमच्याकडे देवघरात काय असतं गं? उत्तर ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा वेगळ्या बाकावर उघडू लागला. म्हणून तर भावनाने पोरीला बजावलं होतं, घरातलं काही तिथे सांगायचं नाही.

रविवारी ती पूर्णिमाला सोडून नेहमीसारखी गुढियारीला घरी परतली नाही. बाकीची पोरं अजून यायची होती. तिने चप्पल काढली आणि वही टेबलावर उघडली.

“ताई, हे प्रश्न फक्त हिलाच विचारले?”

गंधालीताईंनी चष्मा वर सरकवला. “नाही हो. हे अनिमेषचं पाहा.” त्याच्या गणपतीच्या निबंधाशेजारी लिहिलं होतं: ‘गणपती कोणी उचलला? रिक्षात कोणाच्या मांडीवर होता?’ भावनाने ती अक्षरं निरखून पाहिली. आत्ताच लिहिलं असेल? पण पेन्सिल पुसट झाली होती, वर तेलकट बोटाचा डागही होता.

“गाइडमधून उतरवलेलं वाक्य असलं की पोरांना उत्तर सापडत नाही,” ताई म्हणाल्या. “रागावण्यापेक्षा विचारलेलं बरं. स्वतः पाहिलेलं असलं तर लगेच सांगतात. काय गं पूर्णिमा, कोण करतं पूजा?”

पूर्णिमाने आईकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, “कोई नहीं करता. हम तो करते ही नहीं. हम दशहरे को नागपूर जाते हैं, दीक्षाभूमी.”

भावना ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली. ताई उगाच पेन्सिलीला टोक काढत बसल्या, आणि तो वेळ भावनाला फार लांब वाटला.

“मी कधी गेले नाही तिथे,” अखेर त्या म्हणाल्या. “आमच्या घरातलं कोणीच गेलं नाही. मला काहीच माहीत नाही असं समजून लिही. आधी काय दिसतं?”

“ट्रेन में जगह नहीं मिलती. दादी...” पूर्णिमा अडली, मग मराठीत आली. “आजी पांढरी साडी घालते.”

“साडी नेसते. शर्ट घालतो, साडी नेसतो. गुंडाळायची असते ना. मग?”

“मग निळे झेंडे. खूप लोकं. जेवण फुकट देतात. पप्पा मले खांद्यावर घेतात, अन् आजी पुस्तकं घेते. तिला वाचता नाही येत, तरी घेते.”

“हे लिही,” ताई म्हणाल्या. “अगदी असंच.” मग भावनाकडे वळल्या. “पुढच्या रविवारी पालकांसमोर मुलं निबंध वाचणार आहेत. ही हाच वाचेल. चालेल ना?”

“तुमच्या मनात काय आहे ताई? खरं सांगा.”

ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “मी थबकले ते तुम्ही पाहिलं. खोटं कशाला बोलू? आपण विचारायला नको होतं की काय, असं वाटलं. पण निबंध पहिल्यापेक्षा चांगला होणार. बाकीचे पालक काय म्हणतील, याची हमी मी देऊ शकत नाही.”

गोड शब्द आले असते तर भावना वही उचलून निघाली असती. पूर्णिमा तोवर लिहायलाही बसली होती, जीभ बाहेर काढून. दिवाळीचा निबंध लिहिताना एकेका ओळीला तिने किती कुरकुर केली होती!

“वाचू द्या,” भावना म्हणाली. “पण मी खुर्चीवर नाही बसणार. पोरीच्या बाजूले उभी राहीन. तिथून मले सगळ्यांची तोंडं दिसतील.”