उतारावरचे तीन दंडगोल

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारच्या कपाटात एक लाकडी पेटी आहे. आत हिरवं कापड, आणि कापडावर तीन दंडगोल. एक भरीव पितळेचा, एक भरीव लाकडाचा, एक लोखंडाचा पण आतून पोकळ. तिन्ही एकाच मापाचे, मनगटाएवढे जाड. बावीस वर्षं मी या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. शिकवतात प्राध्यापक, टेबल मांडणं, फळीला नेमका उतार देणं आणि काही बिघडलं की आधी शिव्या खाणं हे माझं काम.

माझी लेक सहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की इथे येऊन बसायची, कारण तिची आई संध्याकाळपर्यंत रिंकवर असे. आई बर्फावर स्केटिंग करायची आणि शिकवायची. लेकीला सगळे पिटुकली म्हणत. तिने दंडगोलांना नावं दिली होती. पितळेचा पैलवान, लाकडाचा मास्तर आणि पोकळ तो आळशी. फळीवरून तिघांना एकदम सोडायचं आणि कोण आधी पोहोचतो ते बघायचं, हा आमचा खेळ.

पहिल्या दिवशी तिने पैलवानावर पैज लावली. पैलवान आणि मास्तर खांद्याला खांदा लावून खाली आले, आळशी मागे राहिला.

"बाबा, तुम्ही पैलवानाला धरून ठेवलंत."

"देवाशपथ नाही."

"मग तो जड असून पुढे का नाही आला?"

मी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, की जडाला खाली ओढणारा जोर जास्त, पण त्याला हलवायलाही तेवढाच जोर जास्त लागतो, फिटंफाट होते. म्हणून वजन किती ते इथे विचारायचंच नाही. वजन कुठे बसलंय ते विचारायचं. आळशाचं सगळं वजन कडेला, म्हणून त्याला गोल फिरवण्यातच उताराचा जास्त वाटा खर्ची पडतो आणि पुढे सरकायला कमी उरतो. पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. ती म्हणाली, "आपण आळशीच म्हणू."

तिच्या आईची गिरकी मात्र पैज लावण्याची गोष्ट नव्हती. पायाने बर्फ कापत ती वळण घ्यायची, दोन्ही हात पसरून संथ फिरू लागायची, आणि मग कुणीतरी बोलावल्यासारखे हात हळूहळू छातीशी घ्यायची. वेग वाढत जायचा. शेवटची आठ सेकंदं ती सेकंदाला चार वेळा फिरे. इतक्या वेगात माणसाचा चेहरा दिसत नाही, पुसला जातो. उभी एक रेघ राहते, देवापुढच्या वाऱ्याविना जळणाऱ्या ज्योतीसारखी. मी तिथे उभा राहून हात जोडायचो. बायको म्हणायची, "जोडता काय, आघूर्णच आहे ना तुमचं?"

पिटुकली अकरा वर्षांची असताना तिची आई आजारात गेली.

त्यानंतर रिंक तिच्या धाकट्या बहिणीने सांभाळला, म्हणजे पिटुकलीच्या मावशीने. तिनेच लेकीला शिकवलं. बाराव्या वर्षी पिटुकली पहिल्यांदा गिरकी शिकायला उभी राहिली तेव्हा मी कठड्याशी होतो, आणि माझ्यातला मदतनीस गप्प बसेना.

"हे बघ, एकदा फिरायला लागलीस की तुझा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, ठरला. आता बाहेरून कुणी ढकलत नाही. शरीर अक्षाजवळ आणलंस की आघूर्ण कमी होतं, म्हणून वेग वाढतो. जितकं शरीर जवळ तितका वेग."

"भावोजी," मावशी म्हणाली, "मुलीला आधी पडू तर द्या. मग तुमचा अध्याय वाचा."

सगळं खरंच सांगितलं होतं मी. फक्त अर्धंच सांगितलं होतं.

दरवर्षी थंडी सरताना रिंकवर एक कार्यक्रम होतो. यंदा आईला जाऊन पाच वर्षं होणार, म्हणून मावशीने तिचाच नाच, त्याच संगीतावर, पिटुकलीसाठी बसवला. पिटुकलीने एकच हट्ट धरला: गिरकी आईइतकीच व्हायला हवी. सेकंदाला चार.

मग आमच्या घरात रविवारची एक पद्धत पडली. मी तिच्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधायचो, मावशी मोबाइलवर चित्रण करायची, आणि घरी मी एकेक चित्र पुढे सरकवत लाल ठिपका किती वेळा समोर आला ते मोजायचो. आकडा कॅलेंडरच्या मागे लिहायचा. पहिल्या महिन्यात तीन पूर्णांक चार. मग तीन दोन. मग तीनला टेकला.

मधल्या दोन वर्षांत ती माझ्याएवढी उंच झाली होती. पिटुकली म्हणताना मान वर करावी लागे. हात लांब, खांदे रुंद, सगळं माझ्यावर गेलेलं. मी आकड्याकडे बघत म्हटलं,

"कुठेतरी काहीतरी बाहेर राहतंय गं. अजून जवळ घे."

तिने बोटाने कॅलेंडरवरचा आकडा पुसल्यासारखा केला. मी समजलो, हातांचं बोललो ते कळलं तिला.

त्या हिवाळ्यात ती ताटातलं अर्धं माझ्याकडे सारायची. "तुम्ही खा, तुमचं उभ्याचं काम." मी खायचो. लेकीची माया म्हणून, देवाचे आभार मानून खायचो. डबा रिकामा यायचा. तो रिंकवरच्या मुलींमध्ये वाटला जातो हे मला पुष्कळ उशिरा कळलं. अंगावर नेहमी दोन-दोन स्वेटर. बर्फावर काम म्हणजे थंडी वाजणारच.

कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले आणि आकडा आला दोन पूर्णांक नऊ. मावशी चिडली. "आळशी झालीय ही. उशिरा झोपत असणार. नाहीतर सराव चुकवते."

मी ठरवलं, हिला फिरत्या स्टुलावर बसवून हात कुठे चुकतात ते बघू. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. ती स्टुलावर बसली. मी नेहमीसारखी फीत बांधायला घेतली.

ती फीत मी सप्टेंबरात कापली होती. मनगटाला दोन वेढे आणि वर छोटीशी गाठ, एवढीच. आता दोन वेढे देऊन झाले, तरी टोकं लोंबत होती. मी तिसरा वेढा दिला. तोही बसला.

मी फीत तशीच धरून तिच्याकडे बघत राहिलो. रविवारमागून रविवार हेच मनगट हातात घेतलं होतं, आणि माझं लक्ष ठिपक्याकडे.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"जेवून."

तिने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "तुम्हीच म्हणालात ना बाबा. काहीतरी बाहेर राहतंय. हात तर मी पूर्ण आत घेत होते. मग उरलं ते मीच ना."

मी कपाटातून पेटी काढली. फळीला उतार दिला. पैलवान आणि मास्तर शेजारी ठेवले आणि सोडले. दोघं एकत्र खाली आले, खालच्या पट्टीवर एकच आवाज झाला.

"कोण जिंकलं?"

"दोघं," ती म्हणाली. "हे मी विसरले होते."

"तू नाही विसरलीस. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. हात मिटल्यावर वेग किती पट वाढतो, ते उघड्या आणि मिटल्या शरीराच्या आघूर्णांच्या प्रमाणावर असतं. तू बारीक झालीस तर दोन्ही कमी होतात, प्रमाण जवळपास तेच राहतं."

"पण तेवढाच धक्का दिला तर बारीक माणूस थोडा जास्त फिरेल ना?"

माझ्यापेक्षा हुशार आहे ती. "फिरेल. पण धक्का कोण देणार? पाय. बर्फाला रेटून संवेग तेव्हाच घ्यायचा असतो, पुढे हात मिटून त्यात कणभरही भर पडत नाही. तुझ्या पायांत आता जोर कुठाय? दर रविवारी तू कमीच घेऊन आत शिरत होतीस."

ती स्टुलावर अर्धवट वळली, परत आली. "म्हणजे खाल्लं तर चार होतील?"

हा प्रश्न येणार हे मला कळलं होतं, आणि येऊ नये म्हणून मी मनात देवाचं नाव घेत होतो. खोटं बोलता आलं असतं. पण एका अर्ध्या खऱ्याने हे केलं होतं.

"आई उंचीने माझ्या छातीला लागायची. तुझे हात उघडले की केवढं मोठं वर्तुळ होतं. त्याला आईच्या वेगाने फिरवायला कितीतरी जास्त जोर हवा. मिटलेस तरी खांदे माझेच. पोटभर जेवून, वर्षभर मेहनत करून साडेतीन होतील. चार बहुतेक नाही."

"बहुतेक?"

"नाही."

बराच वेळ ती पैलवानाला तळहातावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "तीनमध्ये चेहरा दिसतो बाबा. मी चित्रण बघितलंय. माझाच दिसतो. चारमध्ये पुसला असता. मग तुम्हाला वाटलं असतं, आई आहे."

आकड्यासाठी ती उपाशी राहिली असं मी समजत होतो.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नाडी मंद, हाडं विरळ व्हायला लागलेली. "सहा महिने बर्फ बंद. त्यानंतरही मी सांगेन तेव्हाच." मावशी बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसली. "मी तिला आळशी म्हणाले हो भावोजी."  माझ्या तोंडात तर लेकीच्या वाटणीचे घास गेले होते.

कार्यक्रमातून तो नाच काढायचं मावशीने ठरवलं. पिटुकली म्हणाली, काढू नका, नुसतं संगीत लावा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो. तिने माझा जुना कोट घातला होता. खांद्यात बरोबर बसत होता. खिशात उकडलेलं अंडं आणि पावाचे दोन तुकडे, डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेले. एक तुकडा तिने खाल्ला होता. दुसरा माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. तिने तोही खाल्ला, हळूहळू, औषधासारखा.

दिवे मंद झाले. मोकळ्या बर्फावर प्रकाशाचं एक वर्तुळ पडलं आणि संगीत सुरू झालं. लोक आधी चुळबुळले, मग गप्प झाले. नव्या मुलींना ठाऊक नव्हतं तिथे कोण असायला हवं होतं ते. जुन्यांना ठाऊक होतं.

गिरकीची जागा आली तेव्हा माझा हात तिच्या हातात होता. तिने तो धरला आणि सावकाश स्वतःच्या छातीशी घेतला. आपला दुसराही हात त्यावर ठेवला. डोळे मिटलेले.

मी रिकाम्या वर्तुळाकडे बघत होतो. सवयीने ओठ हलत होते, आठ सेकंदं, सेकंदाला चार. संगीत थांबलं तेव्हा माझी मोजणी बत्तीसवर आली होती.

"झाले?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"झाले."

तिने माझा हात सोडला नाही. कोटाच्या बाहीतून तिचं मनगट बाहेर आलं होतं. फीत नव्हती. मी दोन बोटं त्याच्याभोवती घातली. अंगठ्याला तर्जनी टेकून वर अजून पुष्कळ उरत होती.