आजोबांना भेटायची परवानगी

सल्ट गावात आमच्या रातिब दाजींना अडवेल असा दरवाजा अजून कोणी बनवलेला नाही. तीस वर्षं जमीनमोजणी खात्यात काढलेला माणूस; भलेभले उठून खुर्ची देतात. परवा दुपारी मात्र त्यांच्याच घराण्याच्या वंशवृक्षाने त्यांना बाहेर उभं केलं.

पुतण्या उसैदने वृक्षाची फाइल करून सगळ्या काका-चुलत्यांना लिंक पाठवली होती. यंदा प्रथमच मुलींची नावंही येणार होती. ज्याची त्याने टाकायची, आणि दुपार कलताना, अस्रच्या नमाजाला, फाइल छापखान्यात. दाजींना तीन मुलीच. नावं राहिली, तर त्यांची फांदी छापील बोडकी राहणार.

मी दाजींच्या बायकोचा भाऊ. म्हणजे वृक्षात जागा नाही आणि असल्या कामांतून सुटकाही नाही.

"दाजी, हा तुमच्या फोनवरचा ई-मेल पत्ता थोरलीने काढून दिलेला ना? याला परवानगी नाही म्हणतंय. आमंत्रण दुसऱ्या पत्त्यावर गेलंय."

"दुसरा खात्याचा होता. निवृत्त झालो त्याच दिवशी बंद केला मेल्यांनी."

"मग हे बटण दाबा, परवानगी मागा. उसैदकडे विनंती जाईल."

दाजी लाल झाले. "ईदला ज्याने तोंड दाखवलं नाही, त्याच्याकडे? माझ्याच आजोबांना भेटायला मी परवानगी मागू? तीही बोटाने? मागायचंच तर रीतीने मागेन!"

रीत म्हणजे जाहा: मुलीला मागणी घालायला जातात तसं वडीलधाऱ्यांना घेऊन मागायला जायचं. तासाभरात दोन गाड्या, आठ म्हातारे, खांद्यावर ठेवणीतले झगे. मी ड्रायव्हर.

उसैदने धांदलीत कॉफी दिली. आमच्यातल्या सर्वांत वडील हाजी मुतलकांनी कप न उचलता समोर ठेवला. "मागणं पुरं होईतो ही कॉफी आम्हाला वर्ज्य."

उसैदचा चेहरा उतरला. पडद्यामागे कुजबुज सुरू झाली.

"काका, आमच्या पोरीचं, रंदचं शिक्षण अजून चालू आहे हो..."

"कोण मागतंय रंदला? तुझ्या फाइलीत माझा पत्ता घाल!"

"तुमच्या कार्डावरचा घातला होता! बंद झालाय, तर एक फोन करायचा ना, काका!"

"तू करायचास ना! ईदला!"

उसैदने मान खाली घातली. "चुकलं, काका."

अडलेल्या पानावर दाजींचा पत्ता होताच. तो बघून उसैदने आमंत्रितांत घातला, फेरफार करायची मुभा दिली. मी पान पुन्हा उघडलं. उघडलं! आठ म्हाताऱ्यांनी गार कॉफी एका दमात संपवली.

दाजींनी सरकवत सरकवत पणजोबा ओलांडले, आजोबा ओलांडले, स्वतःचं नाव गाठलं. त्याखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. अस्रला वीस मिनिटं उरली होती.

मग त्यांनी फोन पुतण्यापुढे धरला.

"उसैद, बाळा, तिघींची नावं तूच टाक जरा. मला ते टाइप करणं जमत नाही."